अंगठीचे माप घरी घेताना: आधी रुंदी, मग आकडा

फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ या काळात मी स्वतःसाठी रोजच्या वापराची एक सोन्याची अंगठी करून घेतली. खडा नाही, नक्षी नाही, सकाळी अंघोळीपासून रात्री झोपेपर्यंत बोटात राहील असे साधे वेढे हवे होते. मी चोपड्यात राहते, पतसंस्थेत काउंटरवर काम करते, आणि अंगठी जळगावच्या सराफ बाजारात करून घ्यायची असे घरात ठरलेले होते. जळगावला जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे माप आणि रुंदी या दोन्ही गोष्टी घरीच पक्क्या करून मगच ऑर्डर द्यावी, असे मी ठरवले. लग्नातली अंगठी सांध्यावरून उतरेनाशी होऊन बरीच वर्षे कपाटात पडलेली असल्यामुळे या वेळी माप नीट समजून घेण्याची मला खरोखरच निकड वाटत होती. या प्रक्रियेतून जे कळले ते क्रमाने लिहिते आहे.

आधी आकड्याचा अर्थ सांगते, कारण तो कळल्यावर पुढचे सगळे सोपे होते. आपल्याकडे सराफ १४, १६, १८ असे जे माप सांगतात, ते अंगठीच्या आतल्या परिघाशी बांधलेले असते. आतला परिघ मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे, की आपले माप मिळते. परिघ ५४ मिलिमीटर असेल तर माप १४, आणि ५८ असेल तर १८. याचा अर्थ एका मापात आणि दुसऱ्या मापात परिघाचा फरक फक्त एक मिलिमीटर असतो, आणि व्यासात तो जेमतेम पाव मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक भरतो. म्हणूनच जुन्या अंगठीवर पट्टी ठेवून तिचा आतला व्यास मोजण्याची पद्धत मी बाजूला ठेवली. शाळेच्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतो, आणि व्यासातला अर्धा मिलिमीटर म्हणजे परिघातले दीड मिलिमीटर, म्हणजे दीड माप चुकते. उलट परिघ थेट मोजला, तर तेवढ्याच चुकीने माप अर्ध्यानेच हलते. व्हर्निअर कॅलिपर हाताशी असेल, तर मात्र जुन्या अंगठीचा व्यास मोजून त्याला ३.१४ ने गुणायला काहीच हरकत नाही.

दोऱ्याने माप घेण्याची रीत घरोघरी आहे, पण दोरा ताणला जातो आणि मऊ मांसात रुततोही, त्यामुळे माप लहान येते. मी साध्या छपाईच्या कागदाची पट्टी वापरली. कागद पातळच हवा. लग्नपत्रिकेचा जाड कागद बोटाभोवती गुंडाळला तर त्याच्या जाडीमुळेच परिघ जवळजवळ एक मिलिमीटरने वाढतो, म्हणजे एक पूर्ण माप फुगते. पट्टी बोटाभोवती घ्यायची, एक टोक दुसऱ्या भागावर आणायचे आणि वरच्या थराचे टोक जिथे संपते तिथे खालच्या थरावर टोकदार पेन्सिलने आडवी रेघ मारायची. मग पट्टी सोडून टोकापासून रेघेपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीवर मोजायचे. पट्टीचे कोपरे झिजलेले असू शकतात, म्हणून मी शून्यापासून न मोजता एक सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजायला सुरुवात केली आणि पट्टीवर आलेल्या आकड्यातून दहा मिलिमीटर वजा केले. हे काम एकट्याने करताना पट्टी तिरकी बसते, त्यामुळे रेघ मारायचे काम मी यजमानांवर सोपवले.

इंटरनेटवर छापून घ्यायचे तक्ते मिळतात, ज्यांच्यावर वर्तुळे काढलेली असतात आणि त्यांवर आपली जुनी अंगठी ठेवून माप शोधायचे असते. ते वापरायचे असतील तर छापलेल्या कागदावरची मोजपट्टी आधी तपासून पाहावी, कारण प्रिंटर पान थोडे लहान करून छापतो. एटीएम कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. तक्त्यावर कार्डाची चौकट दिलेली असेल आणि आपले कार्ड तिच्यात तंतोतंत बसत नसेल, तर तो कागद फेकून द्यावा.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, मी मोजायला सुरुवात केली. डाव्या हाताची अनामिका निवडली होती, कारण मी उजव्या हाताने लिहिते आणि भाकरीही त्याच हाताने थापते. ज्या हाताने आपण अधिक काम करतो त्या हाताचे बोट बहुधा थोडे जाड असते, म्हणून एका हाताचे माप दुसऱ्याला लावू नये. त्या दिवशी सकाळी साडेसहाला बोटाच्या मुळाशी परिघ ५४ मिलिमीटर आला, दुपारी साडेपंचावन्न आणि संध्याकाळी सातला ५६. एकाच दिवसात, एकाच बोटात, दोन मापांचा फरक पडलेला होता. पहिल्यांदा मला वाटले की पट्टी धरण्यातच काही कमीजास्त झाले असेल, पण पुढचे काही दिवस तोच क्रम दिसत राहिला, तेव्हा हा फरक बोटाचा आहे हे लक्षात आले. सकाळच्या गारव्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोट बारीक होते. ऊन वाढले की त्याच वाहिन्या पसरतात आणि बोट भरते. दिवसभर हात खाली सोडून चालणे, पिशव्या उचलणे यांनीही हाताला फुगवटा येतो.

खारट खाण्याचा परिणाम तर मला वाटला होता त्याहून जास्त निघाला. रात्री शेवभाजी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा एरवीपेक्षा निदान एक मिलिमीटरने वाढलेला असे. मार्चमध्ये आमच्या गल्लीत बिबड्या आणि उडदाच्या पापडांची कामे सुरू झाली. पीठ मळल्यानंतरच्या संध्याकाळी मोजलेला आकडा मी वहीत लिहिला, पण त्याच्या बाजूला खूण केली, कारण तो रोजचा आकडा नव्हता. ज्या दिवशी हात असामान्य राबला असेल, ताप असेल किंवा हाताला सूज असेल, त्या दिवशीच्या मापावर अंगठी ठरवू नये. गरोदरपणात तर माप घेणेच पुढे ढकलावे.

खानदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करावी लागते, ती म्हणजे ऋतू पाहणे. जळगावकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कडाक्याची थंडी असते आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या जवळ जातो. हिवाळ्यातल्या सकाळी घेतलेल्या मापाची अंगठी मे महिन्यात बोटाला काचणार हे उघड आहे. म्हणून मी फेब्रुवारीच्या मापावर न थांबता गुढीपाडव्याच्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली. तोपर्यंत उन्हाचा तडाखा सुरू झाला होता. त्या आठवड्यात सकाळी ५५, दुपारी तीनच्या सुमारास ५७ आणि संध्याकाळी साडेछप्पन असे आकडे आले. घाई असेल आणि ऋतूची वाट पाहता येत नसेल, तर दुपारी थोडे चालून आल्यावर, हात कोमट असताना घेतलेले माप आधाराला घ्यावे.

हे सगळे मुळाजवळचे माप झाले. अंगठी तिथे पोहोचण्याआधी तिला सांध्यावरून जावे लागते, आणि माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांचा सांधा मुळापेक्षा जाड झालेला असतो. माझा सांधा सकाळी साडेअठ्ठावन्न आणि दुपारी ५९ भरला. मुळाच्या मानाने सांध्यावर मांस फारसे नसते, तिथे बहुतेक हाडच असते, म्हणून तो दिवसभरात कमी बदलतो. मग अंगठी कोणत्या मापाची घ्यायची, मुळाच्या की सांध्याच्या? याचे उत्तर मी कागदाची कडी करून शोधले. ५७, ५८ आणि ५९ मिलिमीटर परिघाच्या कड्या पट्टीला पारदर्शक टेप लावून तयार केल्या आणि एकेक करून बोटात घातल्या. सांध्याचा परिघ ५९ असला तरी सांध्यावरची त्वचा दबते आणि कडी थोडी तिरकी करून सरकवता येते, त्यामुळे ५८ ची कडी हलक्या दाबाने आत गेली. ५७ ची कडी दुपारी सांध्यावर सुरकुत्या जमा करून अडली आणि टेप सुटला. ५९ ची कडी कुठेही न थांबता खाली आली आणि हात खाली झटकल्यावर तितक्याच सहज निसटली.

सांध्याकडे मी तोपर्यंत अडचण म्हणून पाहत होते. कड्यांची ही परीक्षा घेतल्यावर कळले की सांधा हेच अंगठीचे कुलूप आहे. मुळाशी अंगठी थोडी सैल असली तरी चालते, किंबहुना उन्हाळ्याच्या दुपारी बोट भरेल त्यासाठी ती तशी असायलाच हवी, कारण तिला हातात टिकवून ठेवण्याचे काम सांधा करतो. अंगठी आत जाताना किंचित दाब लागावा आणि बाहेर येताना एकदा तरी फिरवावी लागावी, एवढी ती घट्ट असावी. मात्र सांधा आणि मूळ यांच्यात पाच-सहा मिलिमीटरपर्यंत फरक असेल, तर सांध्यातून जाणारी अंगठी मुळाशी गरगर फिरते. तशा बोटांसाठी अंगठीच्या आत खालच्या बाजूला दोन बारीक सोन्याचे मणी डाखून घेता येतात, ते बोटात हलकेच टेकतात आणि अंगठी फिरू देत नाहीत. माझा दुपारचा फरक दोन मिलिमीटरच होता, म्हणून मला त्यांची गरज पडली नाही.

इथपर्यंत येईपर्यंत मी ज्या पट्टीने मोजत होते ती चार मिलिमीटर रुंदीची होती, आणि हे मी जाणूनबुजून केले होते. घरात मोठ्या वहिनींचे मत होते की रोजची अंगठी भरदार, सहा मिलिमीटरची असावी, म्हणजे हात भरलेला दिसतो. माझा कल चार मिलिमीटरकडे होता. मग तुलना करण्यासाठी मी सहा मिलिमीटर रुंदीची दुसरी पट्टी कापली आणि त्याच दुपारी, त्याच बोटावर दोन्ही पट्ट्यांनी मोजले. अरुंद पट्टीने ५७ आले आणि रुंद पट्टीने ५८. कडी करून घातली तेव्हाही रुंद कडीला सांध्यावरून यायला ५९ चा परिघ लागला. बोट हे सरळ नळकांडे नसते. मुळाजवळ ते एका जाडीचे असते आणि सांध्याकडे जाताना ते बदलते, मध्ये तळहाताच्या बाजूला मांसाचा उंचवटा असतो. अरुंद अंगठी त्या उतारावर आपली जागा शोधून बसते आणि दबलेले मांस तिच्या दोन्ही बाजूंना सरकते. रुंद अंगठी मात्र उतार आणि उंचवटा दोन्ही एकदम झाकते, मांसाला जायला जागा कमी उरते, आणि तोच परिघ घट्ट वाटू लागतो. म्हणून माप आधी आणि रुंदी नंतर ठरवणे मला पटत नाही. ज्या रुंदीची अंगठी हवी त्याच रुंदीची पट्टी कापून माप घ्यावे. ढोबळमानाने सांगायचे, तर तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीवर घेतलेले माप सहा किंवा त्याहून रुंद अंगठीसाठी एक ते दोन आकड्यांनी वाढवावे लागते.

कागद बोटात दिवसभर राहत नाही, आणि आराम हा दिवसभराचाच प्रश्न आहे. म्हणून सोन्याला हात घालण्यापूर्वी मी दोन स्वस्त अंगठ्या घेतल्या. चोपड्यातल्या आमच्या ओळखीच्या सोनारभाऊंकडून चार मिलिमीटर रुंदीची, ५८ परिघाची साधी चांदीची अंगठी करून घेतली, तिला मजुरीसह सुमारे सहाशे रुपये पडले. सहा मिलिमीटरची स्टीलची अंगठी ऑनलाइन मागवली, ती दीडशेच्या आसपास मिळाली. तिथे अमेरिकी मापे होती. त्यातले एक माप आपल्या अडीच मापांएवढे असते, म्हणून अर्ध्या मापाचा फरकही मोठा असतो. ९ आकड्याचा आतला परिघ साधारण साडेएकोणसाठ मिलिमीटर असतो, तो मी घेतला. परदेशातल्या नातेवाइकांकडून अंगठी मागवणाऱ्यांनी आकड्याऐवजी आतला परिघ मिलिमीटरमध्येच कळवावा, गोंधळ होत नाही.

स्टीलची अंगठी मी आधी घातली. पहिल्या तासात काहीच जाणवले नाही, उलट तिचा वजनदारपणा आवडला. काउंटरवर नोटा मोजताना बोटे वाकतात तेव्हा तिची तळहाताकडची कड बोटाच्या घडीला टेकू लागली. भाजी घेऊन येताना पिशवीचे बंद त्या बोटांवर आले आणि घरी आल्यावर अंगठी काढली, तर तळहाताच्या बाजूला दोन समांतर लाल रेघा उमटलेल्या होत्या. कड ज्या ठिकाणी टेकली होती तिथली त्वचा आत दबून चकाकत होती. दहा-पंधरा मिनिटांनी एक रेघ विरली, आतली मात्र झोपेपर्यंत दिसत होती. भांडी घासून झाल्यावर अंगठीखाली पाणी आणि साबण साचून राहत असे, आणि रोजच्या वापरानंतर तिथली त्वचा पांढुरकी आणि मऊ पडली. रुंद अंगठी खालचे पाणी लवकर वाळू देत नाही, आणि उन्हाळ्यातल्या घामाचेही तेच होते. त्वचा नाजूक असणाऱ्यांना यातून खाज आणि पुरळ येऊ शकते.

चांदीच्या अंगठीने त्याच कामांत त्रास दिला नाही. मूठ वळल्यावर ती घडीपर्यंत पोहोचत नव्हती. रुंदी आपल्या बोटाला झेपेल का, हे पाहायची सोपी रीत मला इथे सापडली. तळहाताच्या बाजूने बोटाच्या मुळाची घडी आणि तिच्यावरची घडी यांच्यातले अंतर मोजायचे आणि मग मूठ वळून पाहायचे. हात उघडा असताना माझे हे अंतर सुमारे २२ मिलिमीटर होते, पण मूठ वळल्यावर दोन्ही बाजूंचे मांस पुढे येऊन मोकळी जागा निम्म्याहूनही कमी उरली. ज्यांची बोटे लांब आहेत त्यांना सहा मिलिमीटर सहज शोभेल आणि झेपेलही. आखूड आणि भरलेल्या बोटांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, तीन ते चार मिलिमीटरच ठीक.

आणखी एक गोष्ट या दोन अंगठ्यांनी शिकवली, ती आतल्या गोलाईची. स्टीलच्या अंगठीचा आतला पृष्ठभाग सपाट होता आणि कडा काटकोनात होत्या. चांदीची करताना सोनारभाऊंनी आतून मध्ये किंचित फुगवटा ठेवून दोन्ही कडा घासून गोल केल्या होत्या. दुकानात याला कम्फर्ट फिट म्हणतात. अशी अंगठी बोटाला मध्यभागीच टेकते, कडा त्वचेत रुतत नाहीत आणि सांध्यावरून ती सपाट अंगठीपेक्षा सहज सरकते. तिचे माप म्हणूनच किंचित सैल वाटते, आणि रुंद अंगठी आतून गोल असेल तर वर सांगितलेली एक-दोन आकड्यांची वाढ पूर्ण द्यावी लागत नाही. भाकरीचे पीठही सपाट अंगठीच्या कडेशी चिकटून बसत होते, गोल कडेवरून ते ओल्या फडक्याने लगेच निघत होते.

या दोन अंगठ्या आलटून पालटून घालून झाल्यावर, १२ एप्रिलला, दुसरा शनिवार धरून आम्ही जळगावला गेलो. तिथे सेल्समनने मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडी घालून पाहत वहीत १७ लिहायला घेतले. त्या कड्या दोन-अडीच मिलिमीटरच्याच अरुंद होत्या आणि आम्ही सकाळच्या पहिल्या बसने गेलो होतो, त्यामुळे बोटही अजून भरलेले नव्हते. मी घरचे आकडे लिहिलेली वही पुढे केली आणि तयार मालातली चार मिलिमीटरची १८ मापाची अंगठी घालून पाहता येईल का, असे विचारले. सेल्समनने आतून कारागिरांना बोलावले. त्यांनी माझे बोट सांध्यावर दोन्ही बाजूंनी दाबून पाहिले, तयार अंगठी घालायला दिली आणि ती परत काढायला सांगितली. काढताना ती सांध्यावर क्षणभर थांबली तेव्हा ते म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. सतरा केली असती तर वैशाखात तुम्ही परत आला असता." मग त्यांनी माझी चांदीची अंगठी आकडे कोरलेल्या निमुळत्या सळईवर चढवली आणि ती १८ च्या रेघेवर बसली. दुकानादुकानातल्या कड्यांमध्ये थोडा फरक असू शकतो, म्हणून आपली बसणारी अंगठी सोबत नेणे आणि ती त्याच दुकानाच्या सळईवर ताडून घेणे हा सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

जाडीचा निर्णय तिथेच झाला. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. अंगठी एक मिलिमीटरएवढी पातळ केली तर ती स्कूटीच्या ब्रेकवर, बादलीच्या कडीवर दबून हळूहळू लंबगोल होते, आणि लंबगोल झालेली अंगठी माप बरोबर असूनही दोन ठिकाणी टोचते. दोन मिलिमीटरच्या वर जाडी गेली तर शेजारची बोटे फाकतात आणि ती बोटांच्या मध्ये सतत जाणवत राहते. आम्ही १.६ मिलिमीटर ठरवली. रुंदीचा वजनावर किती परिणाम होतो हेही कारागिरांनी समजावून दिले. माझ्या मापात आणि या जाडीत रुंदीचा प्रत्येक मिलिमीटर साधारण दीड ग्रॅम सोने घेतो. चार मिलिमीटरची अंगठी ६.३ ग्रॅम भरणार होती, सहाची नऊ ग्रॅमच्या पुढे गेली असती. त्या दिवशी बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला पावणेनऊ हजारांच्या आसपास होता, त्यामुळे ज्या दोन मिलिमीटरांनी माझ्या बोटावर लाल रेघा उठवल्या, त्यांची किंमत मजुरी आणि कर धरून तीस हजार रुपये झाली असती.

मजुरी आठ टक्के ठरली. निम्मी रक्कम आगाऊ देऊन भाव बांधून घेतला, आणि पावतीवर वजन, कॅरेट, रुंदी ४, जाडी १.६, माप १८, आतून गोलाई, एवढे सगळे लिहून घेतले. नुसते "अंगठी, १८" असे लिहिलेली पावती घेऊ नये, कारण रुंदी आणि आतला घाट बदलला की तो १८ आकडा बोटाला वेगळा लागतो. दोन ग्रॅमपेक्षा जड दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, त्याचे ४५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी बिलात वेगळा दाखवतात. दागिन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी असतो. सगळे मिळून अंगठी साडेएकसष्ट हजारांच्या आत बसली.

कारागिरांनी एक सूचना दिली, ती मला फार मोलाची वाटली. अंगठी हॉलमार्कला जाण्यापूर्वी एकदा घालून पाहायची असेल तर तसे आधीच सांगावे, कारण हॉलमार्कनंतर माप बदलायचे म्हणजे अंगठी कापून डाखावी लागते आणि ज्या जागी एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कोरलेला असतो ती जागा सांभाळावी लागते. साधे वेढे एखाद्या मापाने ताणून मोठे करता येते, दोनएक मापांपर्यंत कापून कमीजास्तही करता येते, पण सगळीकडून खडे बसवलेल्या अंगठीला ही सोय जवळजवळ नसतेच. म्हणून खड्यांची अंगठी करणाऱ्यांनी मापाची चाचणी आमच्याहूनही काटेकोर घ्यावी.

मला पुन्हा जळगावला जाणे शक्य नव्हते, आणि चांदीची अंगठी सळईवर १८ वर बसलेली पाहिल्यामुळे मी मधल्या चाचणीचा आग्रह धरला नाही. २८ एप्रिलला, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, यजमान अंगठी घेऊन आले. आतल्या बाजूला बीआयएसचे चिन्ह, 22K916 आणि एचयूआयडी भिंगातून स्पष्ट दिसत होते. तो क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाकून पाहिला, तर दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली.

दुपारच्या उन्हात घातली तेव्हा अंगठी सांध्यावर थोडी अडून आत गेली. आखाजीला खापरावरचे मांडे करताना चुलीच्या धगीजवळ बराच वेळ गेला, हात चांगलेच भरले होते, तरी ती बोटावर फिरत होती. तपासायचे तेव्हा मी एवढेच पाहते की दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती सहज फिरते का, आणि काढल्यावर उरलेला वळ काही मिनिटांत जातो का. बोट लालसर-निळसर दिसू लागले, टोकाला मुंग्या आल्या किंवा अंगठी फिरेनाशी झाली, तर ती तेव्हाच काढावी. हात काही वेळ डोक्यापेक्षा उंच धरावा, मग गार पाण्यात बुडवावा आणि थोडे गोडेतेल लावून अंगठी ओढण्याऐवजी फिरवत फिरवत काढावी.

डिसेंबरच्या थंडीत ती मुळाशी सैल झाली, सकाळी गरगर फिरते आणि साबणाच्या हाताने भांडी घासताना सांध्यापर्यंत सरकते. सांध्याच्या पलीकडे ती अजून गेलेली नाही. वहिनींनी एक माप कमी करून घ्यायला सुचवले होते, पण जानेवारीतल्या पहाटेच्या बोटासाठी कमी केलेली अंगठी मार्चपासून पुन्हा काचू लागेल, म्हणून माप १८ च ठेवले आहे, आणि थंडीत विहिरीवर किंवा नदीत हात घालायचा असेल तेव्हा ती काढून ठेवते.